‘मोठ्या साहेबांना द्या’

आमच्या फ्लोअरवर त्याला ‘सुप कॉल’ म्हणतात. सुपरवायझरला मागणारा फोन. एखादी मुलगी खुर्चीतून अर्धवट उठते, फोन म्यूट केलेला असला तरी माइकवर हात ठेवते आणि माझ्या टेबलाकडे बघते. तोंडाने काही बोलावं लागत नाही.

मी वडोदऱ्यात एका कॉल सेंटरमध्ये टीम लीड आहे. आमची टीम एका बँकेची मराठी लाइन सांभाळते. महाराष्ट्रातल्या खातेदाराचा फोन गुजरातेत कसा येतो, हे खातेदारच पुष्कळदा विचारतात. गायकवाडांच्या काळापासून इथे राहिलेल्या घरांतली मुलं दांडिया बाजारात, रावपुऱ्यात, वाडीत घरी मराठी, शाळेत गुजराती आणि बाहेर हिंदी बोलत मोठी होतात. कंपनीला एका खुर्चीत तीन भाषा मिळतात, एवढं साधं कारण. फक्त आमच्या मराठीला गुजराती हेल आहे. नंदुरबारच्या माणसाला तो जाणवतही नाही, साताऱ्याचा माणूस दुसऱ्या वाक्याला पकडतो. आणि तो आधीच चिडलेला असेल तर म्हणतो, “तुम्हाला आमचं बोलणंच कळत नाही, साहेबांना द्या.”

नव्या टीम लीडला प्रशिक्षणात सांगतात की सुप कॉल म्हणजे ग्राहकाला शांत करण्याचा कॉल. आवाज खाली ठेवा, सहानुभूती दाखवा, दोनदा क्षमस्व म्हणा. मी त्या कॉलच्या आधीची रेकॉर्डिंग ऐकते तेव्हा वेगळंच दिसतं. मॅनेजर मागणारा माणूस बहुतेक वेळा पहिल्यांदा फोन करत नसतो. त्याने आधी दोनतीनदा फोन केलेला असतो, प्रत्येक वेळी वेगळं उत्तर मिळालेलं असतं, आणि उत्तर देणाऱ्या प्रत्येकाने एकच स्क्रीन वाचलेली असते. त्याला हुद्दा नको असतो. स्क्रीनच्या पलीकडे जाऊन त्याचं प्रकरण उघडून बघणारा कोणी तरी हवा असतो. तो अशा माणसाला ‘मॅनेजर’ म्हणतो, कारण दुसरा शब्द त्याला कोणी दिलेला नाही. अशा वेळी मी गोड बोलून फोन ठेवला तर तो परवा पुन्हा येणार, आणि तेव्हा तो मलाही मोजणार नाही.

मग हे ‘उघडून बघणं’ म्हणजे काय, ते एका प्रकरणावरून सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, हिशेब तसाच आहे.

जून महिना, पेरणीचे दिवस. शहाद्याच्या एका खत-बियाण्याच्या दुकानात तळोद्याकडच्या एका शेतकऱ्याने 8 तारखेला, शनिवारी, फोनवरून 18,400 रुपये दिले. काउंटरवरचा क्यूआर स्कॅन केला, पिन टाकला, खात्यातून पैसे गेले. दुकानदाराचा साउंडबॉक्स मात्र बोलला नाही. दुकानदार म्हणाला, आले नाहीत. शेतकरी म्हणाला, गेले आहेत. गोण्या दुकानातच राहिल्या.

त्याच संध्याकाळी त्याने आमच्या लाइनवर फोन केला. उत्तर मिळालं, “24 तासांत होईल.” सोमवारी पुन्हा केला. त्या दिवशी त्याने मॅनेजर मागितला, आणि ‘मॅनेजर’ लाइनवर आलाही. “उद्या सकाळी अकरापर्यंत पैसे खात्यात येतील, माझा शब्द आहे,” असं म्हणाला. बुधवारी, 12 तारखेला, त्याने तिसऱ्यांदा फोन केला. माझ्या टीममधल्या मुलीने त्याला स्क्रीनवरचं सांगितलं: “सर, पाच दिवसांची मुदत असते, 13 तारखेपर्यंत थांबावं लागेल.” तो थंडपणे म्हणाला, “परवाच्या साहेबांना द्या. ज्यांनी शब्द दिला त्यांनाच.”

तो साहेब नव्हताच. सोमवारच्या कॉलची नोंद काढली तर त्यात कोणत्याही टीम लीडचं नाव नव्हतं. रेकॉर्डिंगमध्ये एक भरदार आवाज होता, दुसऱ्या टीममधल्या एका मुलाचा. शेजारच्या खुर्चीतला सहकारी हेडसेट घेतो आणि ‘मी मॅनेजर बोलतोय’ म्हणतो, हा प्रकार या धंद्यात जुना आहे. तो होतो त्याला कारणंही आहेत. टीम लीड दुसऱ्या सुप कॉलवर अडकलेली असते, तासाभरात किती कॉल वर गेले याचा आकडा वरच्यांना दाखवायचा असतो, आणि होल्डवर ठेवलेला ग्राहक आणखी तापत असतो. शेजारच्याने दोन मिनिटांत कॉल संपवला की सगळ्यांना हायसं वाटतं. पण त्याच्या हातात काहीच नसतं. तक्रारीचा प्रकार बदलता येत नाही, दुसऱ्या विभागाला लिहिता येत नाही. मग तो एकच गोष्ट देऊ शकतो, शब्द. तो देतो, आणि कुठे लिहीत नाही, कारण लिहिलं तर आपण कोण हे उघड होईल.

म्हणून माझ्या टीममध्ये पहिला नियम हा आहे: मी मोकळी नसेन तर तसं सांगायचं. “टीम लीड आत्ता दुसऱ्या कॉलवर आहेत. त्या तुम्हाला चार वाजायच्या आत या नंबरवर फोन करतील, चालेल का?” असं विचारायचं आणि ते लगेच नोंदवायचं. ग्राहक चिडतो, नाही असं नाही. पण चार वाजता खरोखर फोन आला तर त्याच्या बाजूने तो पहिला पाळला गेलेला शब्द असतो.

त्या बुधवारी मी मोकळी होते. कॉल माझ्याकडे नुसता ढकलायचा नाही हे मुलीला ठाऊक होतं. नुसता ढकललेला कॉल कधी रांगेत परत जातो, ग्राहकाला पुन्हा ‘मराठीसाठी दोन दाबा’ ऐकावं लागतं, आणि मग जो फोन उचलतो त्याला सगळी कथा पहिल्यापासून. त्यातच निम्मे कॉल नासतात. तिने त्याची परवानगी घेऊन होल्डवर ठेवलं आणि मला तीन गोष्टी सांगितल्या: काय झालं, आपल्याकडून आतापर्यंत काय काय सांगितलं गेलं, आणि आत्ता ते काय मागत आहेत. एवढंच. ‘फार उद्धट आहे हो’ हे चौथं वाक्य मी ऐकत नाही. ते ऐकलं की माझ्या पहिल्या ‘नमस्कार’मध्येच ते उतरतं. मग तिने आम्हा दोघांना जोडून दिलं, माझं नाव आणि काम सांगितलं, आणि ती लाइनवर राहून ऐकत बसली.

माझं पहिलं वाक्य मी सगळ्यांना पाठ करून देते, कारण सवयीने तोंडात येणारं वाक्य घातक आहे. ‘मी आपली काय मदत करू शकते?’ हे त्या माणसाला चौथ्यांदा कोणी विचारलं तर तो फोन आपटेल. मी म्हणाले, “नमस्कार, मी या टीमची प्रमुख बोलतेय. तुम्ही शनिवारी 8 तारखेला खताच्या दुकानात 18,400 रुपये दिले, तुमच्या खात्यातून गेले, दुकानदाराला मिळाले नाहीत. आमच्याकडून तुम्हाला आधी 24 तास, मग मंगळवारी अकरा वाजता, आणि आज पाच दिवस असं सांगितलं गेलं. यात माझं काही चुकतंय का?”

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. त्याने माणूस तक्रार करायचं सोडून तपासायला लागतो. त्याने एक दुरुस्ती केलीच: “अकरा नाही, ते म्हणाले होते साडेदहा-अकरा.” मग क्षणभर थांबून म्हणाला, “पण तुम्ही मॅनेजर आहात का? साहेबांना द्या ना.”

हे मला नेहमी ऐकावं लागतं. बाईचा आवाज म्हणजे आणखी एक ऑपरेटर, साहेब म्हणजे पुरुष, असा हिशेब अनेकांच्या डोक्यात असतो. त्यावर चिडण्यात अर्थ नाही आणि आपण मॅनेजर आहोत असं ठोकून देण्यातही नाही. मी खरं ते सांगते: “मॅनेजर माझ्या वरती आहेत. पण तुमची तक्रार त्यांच्याकडे गेली तरी ती उघडून मलाच बघायची आहे. मी आत्ता बघते. जे माझ्या हातात नसेल ते कोणाच्या हातात आहे तेही सांगते. त्यानंतरही तुम्हाला त्यांच्याशीच बोलायचं असेल तर मी जोडून देते.” शेवटचं वाक्य मनापासून म्हणायचं. माणसाला मागचं दार उघडं दिसलं की तो पुढच्या खोलीत बसतो. ते जोडून द्यायची वेळ क्वचितच येते, पण ज्या दिवशी येते त्या दिवशी खळखळ न करता द्यायचं.

त्यानंतर मी त्याला बोलू दिलं. पेरणी, पाऊस, दुकानदार, सोमवारचा साहेब, सगळं. मधे ‘हो सर, समजू शकते’ असं टाकत बसायचं नाही; ते यंत्रासारखं वाटतं. तो बोलत असताना माझे डोळे स्क्रीनवर होते.

व्यवहाराचा बारा अंकी संदर्भ क्रमांक टाकल्यावर एक रकाना दिसतो, ज्याकडे नवी मुलं बघत नाहीत: व्यवहाराचा प्रकार. दुकानाला पैसे दिले असतील तर तिथे `P2M` असतं, माणसाने माणसाला पाठवले असतील तर `P2P`. इथे `P2P` होतं. दुकान खरं होतं, गोण्या खऱ्या होत्या, पण काउंटरवर चिकटवलेला क्यूआर दुकानाचा नव्हता, दुकानदाराच्या वैयक्तिक खात्याचा होता. लहान गावांत हे सर्रास असतं. ग्राहकाने ‘दुकानात पैसे दिले’ असं सांगितलं, शनिवारच्या मुलाने ते ऐकून तक्रार दुकानाच्या प्रकारात नोंदवली, आणि पुढच्या प्रत्येकाने त्या नोंदीवर विश्वास ठेवला.

फरक कागदावरचा वाटतो, पण तो फार मोठा आहे. फसलेल्या व्यवहारांबाबत रिझर्व्ह बँकेचं सप्टेंबर 2019 चं परिपत्रक आहे, त्या वर्षीच्या 15 ऑक्टोबरपासून लागू झालेलं. त्यात यूपीआयने दुकानाला दिलेल्या पैशांची पावती दुकानापर्यंत पोचली नाही तर पैसे परत करायला व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवस आहेत. माणसाने माणसाला पाठवलेले पैसे समोरच्या खात्यात जमा झाले नाहीत तर एकच दिवस. मुदत संपल्यावर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई, आणि ती ग्राहकाने मागायची वाट न बघता बँकेने आपणहून द्यायची. दिवस मोजताना कॅलेंडरची तारीख धरायची, म्हणजे शनिवार-रविवार वगळायचे नाहीत.

मोजून बघा. व्यवहार 8 तारखेचा. दुकानाच्या हिशेबाने मुदत 13 तारखेपर्यंत, म्हणून माझ्या टीमची मुलगी ‘13 पर्यंत थांबा’ म्हणाली. स्क्रीनवरच्या नोंदीनुसार ती बरोबर होती. पण खऱ्या प्रकारानुसार मुदत 9 तारखेलाच, रविवारी, संपली होती. म्हणजे 10, 11 आणि 12 हे तीन दिवस उशिराचे, आणि त्या क्षणी 300 रुपये भरपाई झालेली. शिवाय तक्रार चुकीच्या प्रकारात असल्यामुळे ती ज्या रांगेत पडली होती तिथे 13 तारखेआधी कोणी तिला हातही लावणार नव्हतं. हा माणूस तीनदा फोन करून जे म्हणत होता ते नियमाच्या दृष्टीने शब्दशः खरं होतं. आमच्याकडचं कोणी खोटं बोलत नव्हतं, सोमवारचा साहेब सोडून.

दुसरी गोष्ट व्यवहाराच्या स्थितीची. तिथे `Deemed` असं होतं. या शब्दावर मी टीमचे दोन तास घेते. व्यवहार फसला असेल तर पैसे सहसा तिथल्या तिथे परत येतात. पूर्ण झाला असेल तर प्रश्नच नाही. ही तिसरी अवस्था अशी की आमच्या बँकेने पैसे वळते केले, समोरच्या बँकेकडून ‘जमा केले’ असं उत्तर वेळेत आलं नाही, म्हणून यंत्रणेने व्यवहार झाला असं गृहीत धरलं. आता पैसे समोरच्या खात्यात जमा झालेले असू शकतात किंवा नसू शकतात. जमा करायचे की परत पाठवायचे हे समोरच्या बँकेने ठरवायचं. म्हणजे चेंडू आमच्या बँकेच्या अंगणातही नाही. म्हणूनच ‘उद्या अकरापर्यंत तुमच्या खात्यात येतील’ हे वाक्य आमच्या बाजूचा कोणीही, खरा मॅनेजरसुद्धा, प्रामाणिकपणे म्हणू शकत नाही. पैसे दुकानदाराच्या खात्यात जमा झाले तर ते परत येणारच नाहीत, आणि यायलाही नकोत.

म्हणून अशा कॉलवर विचारायचा प्रश्न ठरलेला आहे. मी विचारलं, “दुकानदाराने बँकेचं स्टेटमेंट किंवा पासबुक बघितलं का, की फक्त साउंडबॉक्स ऐकला?” तो म्हणाला, “मशीन बोललं नाही म्हणाले.” साउंडबॉक्स न वाजणं हा पैसे न मिळाल्याचा पुरावा नाही. मी सांगितलं, दुकानदाराला 8 तारखेपासून आजपर्यंतचं स्टेटमेंट बघायला सांगा, आणि बघेपर्यंत दुसऱ्यांदा पैसे देऊ नका. त्याने माझ्याशी बोलता बोलताच दुसऱ्या फोनवरून दुकानदाराला लावला. स्टेटमेंटमध्ये 18,400 नव्हते.

इथपर्यंत यायला काही मिनिटं गेली आणि मला एकदाच होल्ड घ्यावा लागला. होल्ड घेताना कशासाठी आणि किती वेळ ते सांगायचं: “समोरच्या बँकेकडे आधी काही विचारणा गेली आहे का ते बघते, दोन मिनिटं लागतील.” तेवढ्यात माहिती मिळाली नाही तरी दोन मिनिटांनी परत येऊन ‘अजून बघतेय’ म्हणायचं. चिडलेल्या माणसाला होल्डवरचं संगीत म्हणजे आपली चेष्टा वाटते, आणि मला तरी त्यात त्याचं फारसं चुकतं असं वाटत नाही.

मग मी त्याला विचारलं, “पैसे तर परत आणायचेच आहेत. पण आज, आत्ता, तुमचं काय अडलंय?” हा प्रश्न कोणत्याही प्रशिक्षणाच्या कागदावर मी पाहिलेला नाही. त्याला आत्ता पैसे नको होते. त्याला दुकानदाराला दाखवायला काही तरी लेखी हवं होतं, म्हणजे तो निम्म्या गोण्या तरी उधारीवर देईल. आमच्याकडून गेलेल्या मेसेजमध्ये फक्त तक्रार क्रमांक होता आणि तोही इंग्रजीत. मी त्याला व्यवहाराची तारीख, रक्कम, संदर्भ क्रमांक, ‘समोरच्या बँकेकडून जमा झाल्याची खात्री मिळालेली नाही, चौकशी चालू आहे’ अशी स्थिती आणि तक्रार क्रमांक असलेला ईमेल पाठवण्याची व्यवस्था केली. त्याच्या मुलाच्या ईमेलवर. पैसे मिळतील असं त्यात एका अक्षराने लिहिलं नाही, कारण ते माहीत नव्हतं. जे माहीत आहे तेच लिहिलेला कागदही माणसाच्या कामाला येतो.

आता वचनाची वेळ. इथे बहुतेक टीम लीड दोन टोकांपैकी एकावर जातात. एक ‘आम्ही पूर्ण प्रयत्न करू’, ज्यात काहीच नाही. दुसरं सोमवारच्या साहेबासारखं. मी माझ्या हातातल्या गोष्टी वेगळ्या सांगितल्या आणि हाताबाहेरच्या वेगळ्या. “मी जुनी तक्रार बंद न करता योग्य प्रकारात नवी नोंदवते, दोन्ही क्रमांक एकमेकांना जोडते, आणि आज संध्याकाळी सहाच्या आत समोरच्या बँकेकडे विचारणा गेली की नाही ते बघते. हे माझ्या हातात आहे. पैसे किती वाजता परत येतील हे समोरच्या बँकेवर आहे, ते मी सांगू शकत नाही. उद्या, गुरुवारी 13 तारखेला, संध्याकाळी पाच ते सहाच्या मध्ये मी फोन करीन. पैसे आले असोत वा नसोत, करीन. आणि उशिराचे दिवस 10 तारखेपासून मोजले जातात, दिवसाला शंभर रुपये, तेही मी तक्रारीत लिहितेय.”

‘आले असोत वा नसोत’ हे मुद्दाम म्हणायचं असतं. पैसे आले नाहीत की फोन करायची लाज वाटते, आणि मग आपण आणखी एक न आलेला फोन होतो. सहा वाजता काही सांगण्यासारखं नसलं तरी ‘अजून काही नाही, पुढचा फोन शनिवारी अकराला’ एवढं सांगायचं. आणि हे सांगताना मी कुठल्या नंबरवरून फोन करीन तेही सांगते, शिवाय पिन किंवा ओटीपी विचारणार नाही हेही. हल्ली ‘बँकेचे मॅनेजर’ म्हणवणारे भामटे इतके फोन करतात की माझा खरा फोनही कापला जातो, आणि कापणाऱ्याला मी दोष देत नाही.

फोन ठेवण्याआधी तो म्हणाला, “नाही झालं तर मी रिझर्व्ह बँकेत जाईन.” हे वाक्य ऐकून नवी मुलं घाबरतात किंवा बचावाला उभी राहतात. मला ती धमकी वाटत नाही, रस्ता विचारणं वाटतं. मी सांगून टाकलं: बँकेने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. 2021 च्या नोव्हेंबरपासून सगळ्या देशासाठी ती एकच योजना आहे, पैसे लागत नाहीत, `cms.rbi.org.in` वर तक्रार घालता येते, माहितीसाठी 14448 हा नंबर आहे. आणि तिथे पहिली गोष्ट विचारतील ती म्हणजे बँकेकडे आधी केलेली तक्रार, म्हणून आजचा क्रमांक जपून ठेवा. माझे एक वरिष्ठ म्हणाले होते, ग्राहकाच्या हातात काठी कशाला द्यायची. काठी त्याच्याकडे असतेच. ती मी लपवली तर फक्त माझ्यावरचा विश्वास जातो.

शिव्यांबद्दल थोडं, कारण विचारलं जातंच. या माणसाने शिवी दिली नाही, पण पुष्कळ जण देतात. बँकेला, कंपनीला, नशिबाला दिलेली शिवी मी सोडून देते. समोरच्या मुलीला, तिच्या घरच्यांना किंवा बाई म्हणून दिलेली शिवी सोडत नाही. एकदा शांतपणे सांगायचं की अशी भाषा चालू राहिली तर कॉल थांबवावा लागेल. पुन्हा झालं तर पुन्हा सांगायचं. तिसऱ्यांदा ‘मी आता कॉल बंद करते, तुमची तक्रार चालू राहील’ असं म्हणून खरोखर बंद करायचा. शेवटचे तीन शब्द महत्त्वाचे: शिवी दिली म्हणून त्याचे 18,400 रुपये बुडत नाहीत. आणि बंद करण्याचा हक्क टीम लीडपुरता न ठेवता मुलींच्या हातात द्यायचा. माझी वाट बघत पाच मिनिटं घाण ऐकत बसण्याची गरज कोणालाही नाही.

बुधवारी संध्याकाळी विचारणा गेली. गुरुवारी दुपारी 18,400 रुपये त्याच्या खात्यात परत आले. साडेपाचला मी फोन केला तेव्हा त्याला ते आधीच कळलं होतं. भरपाई मात्र आली नव्हती, 10 ते 13 असे चार दिवस, म्हणजे 400 रुपये. आपणहून यायला हवी हा नियम असला तरी तक्रार आधी चुकीच्या प्रकारात होती, आणि त्या प्रकारात 13 तारीख मुदतीतलीच होती, त्यामुळे यंत्रणेच्या लेखी उशीर शून्य दिवसांचा. ‘पैसे आले, प्रकरण मिटलं’ म्हणून तक्रार बंद केली असती तर ते 400 कायमचे गेले असते. मी तक्रार उघडी ठेवली आणि व्यवहार `P2P` असल्याचा पुरावा जोडून पुन्हा लिहिलं. पुढच्या आठवड्यात भरपाई जमा झाली. पैसे परत आले की तक्रार बंद करायची घाई असते, आणि तिथेच हे लहान आकडे हरवतात. ज्या ग्राहकाने मॅनेजर मागितला नाही त्याचे तर हमखास.

राहिली ती कॉलनंतरची नोंद. ‘ग्राहक चिडलेले, समजावले, समाधानी’ असं लिहिलेलं मला कोणी दाखवलं तर मी ते परत लिहायला लावते. पुढच्या वेळी तो फोन उचलणाऱ्या अनोळखी मुलाला ज्याने काम चालवता येईल तेवढंच लिहायचं. त्या दिवशीची आमची नोंद अशी होती: “व्यवहार 8 जून, प्रकार `P2P`, आधी चुकून दुकानाच्या प्रकारात नोंद. स्थिती `Deemed`, दुकानदाराने 12 जूनपर्यंतचे स्टेटमेंट पाहिले, जमा नाही. मुदत 9 जूनला संपली, भरपाई 10 जूनपासून. टीम लीड 13 जूनला 5 ते 6 मध्ये फोन करणार. पैशांच्या वेळेबद्दल शब्द दिलेला नाही.”

ही नोंद मी त्या मुलीकडूनच लिहून घेतली आणि पुढचा कॉल यायच्या आधी तिला दहा मिनिटं लाइनवरून काढलं. पाणी पिऊन आल्यावर तिने विचारलं की तिचं काय चुकलं. तिचं काही चुकलं नव्हतं, तिने नोंद वाचली आणि नोंद चुकीची होती. तेव्हापासून आमच्या टीममध्ये ‘दुकानात पैसे दिले’ असं ऐकलं की तक्रारीचा प्रकार निवडण्याआधी स्क्रीनवरचा तो रकाना बघायचा आणि ग्राहकाला विचारायचं, स्कॅन केल्यावर फोनवर नाव दुकानाचं आलं होतं की माणसाचं. सोमवारच्या भरदार आवाजाच्या मुलाची टीम लीड दुसरी आहे. तिला मी रेकॉर्डिंग पाठवलं.